साठ सेकंदांचा चित्रपट : घाण्याच्या तेलाचं एक उदाहरण

समजा, साताऱ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी तुमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाण्याचं तेल काढता, बाटल्या भरता, दुकानातच विकता. गिऱ्हाईक येतं, भाव ऐकतं आणि विचारतं, ‘‘पिशवीतलं तेल याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, मग तुमचं एवढं महाग का?’’ दिवसातून हा प्रश्न किती वेळा येतो, ते तुम्हालाच माहीत. एक मिनिटाचा अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ करून घ्यायचा असेल, तर त्याचा विषय हाच. दुसरा शोधत बसू नका.

पहिली गडबड इथेच होते. मालक म्हणतो, आजोबांनी घाणा सुरू केला तेही येऊ दे, करडई आणि खोबरेल तेलही आहे, घरपोच देतो, तेल तब्येतीला चांगलं आहे, दिवाळीत सवलतही असते. हे सगळं साठ सेकंदांत बसवता येतं, पण बघणाऱ्याच्या लक्षात त्यातलं काहीच राहत नाही. एका मिनिटात एका प्रश्नाचं एकच उत्तर देता येतं. म्हणून कामाला हात घालण्याआधी एका कागदावर एक वाक्य लिहा : हा व्हिडिओ पाहून झाल्यावर गिऱ्हाइकाने शेजारणीला काय सांगावं? आपल्या घाण्यापुरतं ते वाक्य असं : ‘अगं, एक लिटर तेलाला अडीच किलो दाणे लागतात.’ पुढे वाद होतील तेव्हा हाच कागद समोर ठेवायचा.

हे वाक्य खरं आहे का, तेही तपासून घ्या. शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास तेल असतं, पण घाण्यातून ते सगळं निघत नाही. काही पेंडीत राहतं. दाण्याची प्रत, ओल आणि घाणा यांप्रमाणे आकडा बदलतो. त्यामुळे आपल्या घाण्यावर दोन-चार वेळा वजन करून स्वतःचा आकडा काढा आणि तोच चित्रात घाला. ‘हृदयविकार टळतो’ अशी वाक्यं मात्र लिहूच नका. अन्नपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. दावा खरा आणि दिशाभूल न करणारा असावा, असं ते सांगतात, आणि रोग बरा करण्याच्या किंवा टाळण्याच्या दाव्यांना ते सहजासहजी थारा देत नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या तेलाला नावं ठेवून आपलं तेल खपवायची गरज नाही. अडीच किलोचा ढीग दिसला की बोलायचं काम तोच करतो.

कॅमेऱ्याने घाण्याचं चित्रीकरण करणं सोपं आणि बहुधा स्वस्तही पडलं असतं. मग अ‍ॅनिमेशन कशाला? घाण्याच्या आत काय होतं, ते कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून. दाणा दाबला जातो, तेल सुटतं, थोडं पेंडीत अडकतं, हे उभा छेद दाखवल्याशिवाय कळत नाही. तुमच्या धंद्यात असं ‘आत’ काही नसेल, म्हणजे तुम्ही नुसते चांगले पेढे विकत असाल, तर अ‍ॅनिमेशनवर पैसे घालू नका. पेढ्याचा चांगला फोटो पुरेसा आहे.

आता संहिता. निवेदन लिहिताना शब्दांवर लक्ष ठेवा. इंग्रजीत मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतात म्हणून मराठीतही तेवढेच लिहिले, तर निवेदक धापा टाकतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘पेंडीतच’, ‘निवळायला’ हे एकेकच शब्द. सावकाश, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द ठीक, आणि मध्ये चित्राला श्वास द्यायचा तर शंभराच्या आत राहिलेलं बरं. आपल्या घाण्याचं निवेदन असं होईल :

‘घाण्याचं शेंगदाणा तेल एवढं महाग का असतं? उत्तर सोपं आहे. हे अडीच किलो शेंगदाणे. यांच्यातून निघतं फक्त एक लिटर तेल. लाकडी घाणा सावकाश फिरतो. दाणे दाबले जातात, तेल सुटतं, पण सगळं नाही. थोडं तेल पेंडीतच राहतं. ती पेंड जाते गुरांच्या गोठ्यात. निघालेलं तेल आम्ही दोन दिवस निवळायला ठेवतो, मग कापडातून गाळतो. दुसरं काही त्यात घालत नाही, त्यातून काही काढतही नाही. म्हणूनच त्याला दाण्याचा वास येतो. म्हणूनच बाटलीच्या तळाशी थोडा साका दिसतो. तो दाण्याचाच. घाणा रोज सकाळी सुरू असतो. या, समोर तेल काढून घ्या. येताना बाटली आणा.’

हे शहाऐंशी शब्द आहेत. मोबाइलचं घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. साधारण पंचेचाळीस सेकंद लागले तर उरलेली पंधरा सेकंदं चित्राची. दाणे तागडीत पडतानाचा आवाज, घाण्याची कुरकुर, गाईचं हंबरणं, एवढ्यातच ती संपतात. आणखी एक पाहा : यात भाव नाही. भाव घातला तर पुढच्या हंगामात व्हिडिओ खोटा ठरतो. फोन नंबर आणि पत्ताही निवेदनात नको. तो शेवटच्या पाटीवर, वेगळ्या लेअरवर ठेवायला सांगा, म्हणजे बदलला तर दहा मिनिटांचं काम.

पैशांचं बोलू. लोक ‘सेकंदाला किती घेता?’ असं विचारतात आणि कलाकारही तसाच दर सांगतात. प्रत्यक्षात खर्च सेकंदांपेक्षा जास्त ठरतो तो किती वेगवेगळ्या वस्तू आणि माणसं काढावी लागतात यावर. एकच बाटली साठ सेकंद फिरवणं स्वस्त. साठ सेकंदांत सात जागा आणि पाच माणसं दाखवणं महाग. आपल्या संहितेत एक गिऱ्हाईक बाई, एक घाणेवाला, घाणा, तराजू, बाटली, गाय आणि तीन पार्श्वभूमी एवढं लागतं. शेंगदाणे हजार दिसले तरी दहा-बाराच वेगवेगळे काढून फिरवून वापरायचे. गाय एकाच दृश्यात आहे आणि चार पायांवर चालवायची असेल तर तीच सगळ्यांत महाग पडेल. म्हणून गाय उभीच ठेवा; मान आणि शेपटी हलली की भागतं.

हाताने प्रत्येक चित्र काढायचं म्हटलं तर काय होतं? आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटी धरतात. मिनिटाच्या झाल्या १,५००. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी साडेसातशे चित्रं. छोट्या धंद्याला ते परवडत नाही. म्हणून कटआउट पद्धत : माणसाचा हात, कोपर, मान असे भाग वेगळे काढून सांध्यांवर हलवायचे. बाकी मोशन ग्राफिक्स. कलाकाराने ‘चौकटी-चौकटीचं काम’ सुचवलं तर त्याच्या कौतुकात वाहून जाण्याआधी हा हिशेब करा.

उदाहरणासाठी एकूण पन्नास हजार रुपये धरू. हा बाजारभाव नव्हे; गाव, कलाकार आणि शैलीप्रमाणे आकडा निम्मा किंवा तिप्पट होऊ शकतो. बघायची ती वाटणी. संहितेला पाच हजार, स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिकला सात, चित्रांच्या डिझाइनला दहा, अ‍ॅनिमेशनला अठरा, आवाजाला चार, संगीत आणि ध्वनीला दोन. झाले सेहेचाळीस. उरलेले चार हजार बाजूला ठेवा आणि ते आहेत हे कुणाला सांगू नका. जीएसटी यात धरला आहे की वरून, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत : थोडे सुरुवातीला, मोठा भाग अ‍ॅनिमॅटिक मंजूर झाल्यावर, बाकीचे सगळ्या फायली हातात आल्यावर.

हा अ‍ॅनिमॅटिक म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण तुमचे पैसे वाचतात किंवा बुडतात ते याच टप्प्यावर. आधी स्टोरीबोर्ड होतो : प्रत्येक दृश्याचं पेन्सिलीतलं साधं चित्र, खाली निवेदनाची ओळ. मग ती चित्रं क्रमाने संगणकात लावून, प्रत्येक चित्र ठरल्या वेळेपुरतं टिकवून, खाली कच्चा आवाज जोडतात. हलत काही नाही, पण साठ सेकंदांचा सिनेमा जसा वाटणार तसा वाटतो. कच्च्या आवाजासाठी स्टुडिओ लागत नाही, मोबाइलवर तुम्हीच बोला.

आपल्या उदाहरणात पहिली पाच सेकंदं बाई दोन बाटल्या हातात धरून बघते. पाच ते चौदा तराजूचं दृश्य. चौदा ते सत्तावीस घाण्याचा छेद. मग पेंड आणि गाय सहा सेकंद, निवळणं आणि गाळणं नऊ, बाटलीचा तळ नऊ, आणि शेवटची नऊ सेकंदं दुकान आणि पाटी. कागदावर हे छान दिसतं. अ‍ॅनिमॅटिक पाहिला की काही गोष्टी उघड्या पडतात. तराजूच्या दृश्यात आधी दाणे दिसतात, मग बाटली. पण निवेदक ‘अडीच किलो’ म्हणतो तेव्हा दाणे अजून पडतच आहेत. ढीग पूर्ण व्हायच्या आतच ‘एक लिटर’ येऊन जातं. ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच घाईत उरकलं. उपाय सोपा : ‘शेंगदाणे’ या शब्दानंतर दीड-दोन सेकंद निवेदन थांबवायचं, शेवटचे चार दाणे टपटप पडू द्यायचे, मग रिकाम्या बाटलीत तेल चढायला लागलं की पुढचं वाक्य. हा वेळ गाईच्या दृश्यातून काढायचा. कच्च्या चित्रांवर हा बदल पाच मिनिटांत होतो. हेच पूर्ण अ‍ॅनिमेशन झाल्यावर सुचलं, तर पुढची सगळी दृश्यं सरकतात आणि कलाकार वाढीव पैसे मागतो. त्याचं चुकतं असं म्हणता येणार नाही.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी, भागीदाराने, मेहुण्याने जे काही बोलायचं ते अ‍ॅनिमॅटिकवरच बोलावं. दाखवताना एक करा. धंद्याशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना न थांबवता एकदाच दाखवा आणि विचारा, ‘काय कळलं?’ ‘आवडलं का?’ असं विचारू नका. आवडलं असंच म्हणतील. ‘एक लिटरला अडीच किलो’ हे आपणहून कुणाच्या तोंडी आलं नाही, तर पुढे जाऊ नका. सूचना कुणा एकानेच गोळा करून लिहून द्याव्यात, आणि किती फेऱ्या फुकट, किती पैशांच्या, हे करारात असावं. दोन फेऱ्या अ‍ॅनिमॅटिकवर आणि एक शेवटी, एवढं पुरतं.

अ‍ॅनिमॅटिक पक्का झाला की खरा आवाज. अ‍ॅनिमेशनच्या आधी, नंतर नव्हे. ओठ, हात, दाणे सगळं त्या आवाजाच्या तालावर बसतं. घाण्यासाठी पुण्या-मुंबईच्या जाहिरातीतला घोटलेला आवाज घेण्यापेक्षा, त्याच भागातली बोली जिभेवर असलेली व्यक्ती चांगली, आणि मालकिणीला बोलता येत असेल तर तीच. स्टुडिओ परवडला नाही तर गाद्या-कपड्यांनी भरलेली खोली, पंखा बंद, फोन शेजारच्या खोलीत. प्रत्येक वाक्य तीनदा म्हणून घ्या, आणि अडीच किलोच्या वाक्याचा सुटा तुकडाही. आकडा कधी बदलला तर तेवढाच पुन्हा जोडता येतो.

संगीताबद्दल थोडक्यात. सिनेमाचं गाणं लावू नका, अगदी दहा सेकंदंही. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. व्यावसायिक वापराचा परवाना असलेला तुकडा विकत घ्या आणि पावती जपून ठेवा. या व्हिडिओला मला तर संगीत फारसं लागणारही नाही असं वाटतं. घाण्याची कुरकुर एकदा जवळून ध्वनिमुद्रित करून आणली, तर काम होतं.

मराठी अक्षरांचं संकट मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चांगले चांगले कलाकार इथे घसरतात. संहिता जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताच अगम्य चिन्हं होतात. मजकूर युनिकोडमध्येच द्या. आफ्टर इफेक्ट्समध्ये अक्षरांसाठी भारतीय लिपी जुळवणारं इंजिन निवडलेलं नसेल, तर ‘शेंगदाण्याचं’ मधला ण्य फुटतो आणि ‘निवळायला’ मधली वेलांटी भलत्या जागी जाते. कलाकाराला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते कळतही नाही. इंग्रजीत अक्षरं एकेक करून उडत येतात. देवनागरीत तसं केलं की काना-मात्रा आपल्या अक्षरापासून सुटून स्वतंत्र फिरतात. म्हणून मराठीत शब्द अख्खाच आणावा. अक्षरांमध्ये जागा वाढवली तर शिरोरेषा तुटते आणि पाटी दात पडल्यासारखी दिसते. मुक्त किंवा बलू यांसारखे मोफत, परवान्याची कटकट नसलेले देवनागरी फाँट आहेत. त्यांतला जाड वजनाचा घ्या, कारण हे सगळं हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर वाचलं जाणार आहे. ही तपासणी डिझाइनच्या वेळीच करा. पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द एका पानावर छापून घ्या आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंना दाखवा.

बरेच जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात. तेव्हा निवेदनाच्या ओळी खाली अक्षरांत हव्यात, दोन ओळींपेक्षा जास्त नाहीत. उभ्या व्हिडिओत अगदी तळाशी लावू नका. तिथे रीलचं नाव आणि बटणं येतात. त्यापेक्षा थोडं वर.

उभा की आडवा, हे स्टोरीबोर्डच्या वेळीच ठरवायचं असतं. घाण्याचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टाग्रामवर आहे, तेव्हा मुख्य प्रत उभी : १०८० × १९२० पिक्सेल. दुकानातल्या टीव्हीसाठी आडवी : १९२० × १०८०. दोन्हींच्या मधोमध १०८० × १०८० चा एक चौकोन सारखाच असतो. बाई, तराजू, घाणा यांतलं महत्त्वाचं सगळं त्या चौकोनात बसवलं आणि आजूबाजूला फक्त भिंत, झाड, आकाश ठेवलं, तर दोन्ही प्रती एकाच कामातून निघतात. हे आधी सांगितलं नाही तर आडवी प्रत कापून उभी करताना बाईचं डोकं तरी जातं, नाहीतर बाटली तरी.

शेवटचा टप्पा एक्स्पोर्टचा. कलाकाराकडे एक मोठी, न दाबलेली मास्टर फाइल राहते. वापरायच्या प्रती तिच्यातून काढतात. रोजच्या वापराला MP4, H.264, सेकंदाला २५ चौकटी, आणि सुमारे 8 Mbps. साठ सेकंदांना आठ मेगाबिटने ४८० मेगाबिट होतात, म्हणजे साधारण ६० एमबी. आवाज AAC, 48 kHz, आणि एकूण पातळी -14 LUFS च्या आसपास, म्हणजे इतर व्हिडिओंच्या मानाने तुमचा अचानक मोठा किंवा बारीक वाटत नाही. कलाकार FFmpeg वापरत असेल तर असं :

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -b:v 8M -r 25 -pix_fmt yuv420p -af loudnorm=I=-14 -c:a aac -b:a 192k -ar 48000 -movflags +faststart ghana.mp4
```

यातला yuv420p विसरला तर संगणकावर फाइल ठीक चालते आणि दुकानातल्या टीव्हीवर नुसता काळा पडदा दिसू शकतो. म्हणून तपासणी संगणकावर करूच नका. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून बघा, एका साध्या, स्वस्त फोनवर बघा, आणि तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःला पाठवून बघा. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. तेलाच्या पिवळ्या छटांमध्ये पट्टे दिसू लागले किंवा खालची अक्षरं धूसर झाली तर पार्श्वभूमीतल्या छटा कमी करून सपाट रंग वापरायला सांगा. कुणाला मूळ दर्जाची फाइल द्यायची असेल तर ती व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहिला हक्क. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. पण हक्क लेखी हस्तांतरित करून घेताना मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. शिवाय व्हिडिओ तुमचा झाला म्हणजे घाणेवाल्याचं चित्र, लेअरसकट मूळ फाइल आणि सुटा आवाज आपोआप तुमच्या हाती येतो, असं समजू नका. ते सगळं करारात नावानिशी लिहा.

शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं हातात घ्या : उभी प्रत, आडवी प्रत, अक्षरांशिवायची प्रत, मास्टर, लेअरसकट मूळ फाइल, निवेदनाची WAV, वापरलेले फाँट आणि संगीताची पावती. हार्ड डिस्कवर एक आणि क्लाउडवर एक, अशा दोन ठिकाणी ठेवा. वर्षभराने फोन नंबर बदलेल, तेव्हा कलाकार दुसऱ्या नोकरीत गेलेला असू शकतो.